एकच पिन, दोन करार

हौशी : काका, चेकआउटवर ‘सात दिवस मोफत’ दिसलं की तुम्ही दारात चोर आल्यासारखं करता. मला त्यात लपवाछपवी दिसत नाही. कंपनी म्हणते, वापरून बघा, आवडलं तर ठेवा, नाही आवडलं तर रद्द करा. आणि आपल्याकडे तर त्याला पहाराही आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ऑटोपेचं मॅन्डेट सुरू करताना पिन किंवा ओटीपी लागतोच. पुढे दर वेळी पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास मेसेज यायला हवा, आणि तो आल्यावर नाही म्हणायची सोय हवी. म्हणजे माझ्या हातानं पिन टाकल्याशिवाय काही सुरू होत नाही, आणि मला कळवल्याशिवाय एक रुपया जात नाही. एवढं असताना भ्यायचं कशाला?

शंकेखोर : नियमाशी माझं भांडण नाही. मी बँकेत असताना लोक ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ द्यायला काउंटरवर यायचे. दर महिन्याला आरडीचा हप्ता, विम्याचा हप्ता. फॉर्म वेगळा, सही वेगळी, आणि त्या कामासाठीच माणूस घरून निघालेला असायचा. तू सांगतेस त्या पिनचं तसं नाही. पिन एकच असतो आणि त्याच्याखाली करार दोन होतात. परवा आपल्या शेजारच्या वहिनींचंच झालं. एका अ‍ॅपवर त्यांनी पुणे-नागपूर बसचं तिकीट काढलं. भाडं १,१५०. शेवटच्या पानावर बेरीज दिसली १,०७५. पंचाहत्तरनं कमी कशी झाली, हे बघायला कोण थांबतं? कमी झाली याचाच आनंद. खाली एका ओळीत होतं, सदस्यत्व सात दिवस मोफत, नंतर दर तीन महिन्यांना २९९. त्या ओळीपुढची टिक आधीच केलेली होती. वहिनींनी पिन टाकला तो नागपूरला जायला, सदस्य व्हायला नव्हे.

हौशी : पण यूपीआयच्या पडद्यावर ते दिसतं ना! साध्या पेमेंटला फक्त रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव येतं. मॅन्डेट असेल तर पडदा वेगळा असतो. ‘AutoPay’ लिहिलेलं असतं, किती दिवसांनी कापणार ते असतं, कधीपासून कधीपर्यंत ते असतं, जास्तीत जास्त किती तेही असतं. वहिनींनी चार सेकंद जास्त दिले असते तर सगळं समोर होतं.

शंकेखोर : होतं. मी त्यांचा फोन घेऊन बघितलं. पण काय होतं ते ऐक. कमाल रक्कम १,५०० रुपये. मुदत पुढची कित्येक वर्षं. २९९ हा आकडा त्या पडद्यावर कुठेच नव्हता, तो बसच्या अ‍ॅपमधल्या बारीक ओळीत होता. का, तेही कळलं. तिकिटाचे १,०७५ हीच त्या मॅन्डेटखालची पहिली वसुली होती, म्हणून कमाल रक्कम त्याहून मोठी ठेवलेली. म्हणजे चार सेकंद देणाऱ्या माणसालाही काय वाटणार? तिकीट हजाराच्या घरातलं आहे, दीड हजाराची मर्यादा दाखवताहेत, ठीक आहे. जी माहिती हवी ती एका पडद्यावर आणि जिथे पिन टाकायचा तो दुसराच पडदा. याला तू उघड व्यवहार म्हणतेस?

हौशी : हे मात्र वाईट आहे, मान्य. पण हा त्या कंपनीच्या मांडणीचा दोष झाला, मोफत चाचणीचा नाही. आणि कायदाही तुमच्याच बाजूचा आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. ग्राहकाला न विचारता बिलात काहीतरी घुसवणं हा त्यातला एक, ‘बास्केट स्नीकिंग’. आधीच टिक करून ठेवलेला डबा हे त्याचं उदाहरण म्हणूनच दिलंय. सलूनची एकच सेवा घेणाऱ्याच्या बिलात चेकआउटच्या वेळी सलूनचं सदस्यत्व आपोआप घातलं, असंही एक उदाहरण आहे. वहिनींची केस अगदी तीच.

शंकेखोर : अगदी तीच नाही, आणि गोम तिथेच आहे. ती व्याख्या पूर्ण वाच. न विचारता घातलेल्या गोष्टीमुळे ग्राहकाला द्यावी लागणारी रक्कम वाढली पाहिजे, असं त्यात आहे. वहिनींची रक्कम त्या दिवशी कमी झाली. आणि पुढे एक सवलत जोडली आहे. मोफत नमुना किंवा मोफत सेवा सोबत दिली, तर तिला घुसवाघुसवी म्हणायचं नाही. आता कंपनीचा वकील काय म्हणेल? सात दिवसांचं सदस्यत्व हा मोफत नमुना होता. आठव्या दिवशी जे झालं ते वेगळं, त्याला ग्राहकानं पिन टाकून मंजुरी दिलीच होती.

हौशी : पण नमुना देण्यात गैर काय आहे? चितळ्यांकडे बाकरवडीचा तुकडा हातावर ठेवला तर तुम्ही पोलिसांत जाता का? खाऊन बघा म्हणतात, नको असेल तर पुढे चला. मोफत चाचणीचं मूळ तेच आहे. मी कितीतरी सेवा अशा बघून सोडल्या आणि दोन-तीन मनापासून ठेवल्या. आधी पैसे भर म्हटलं असतं तर बघितल्याही नसत्या.

शंकेखोर : तुकडा हातावर ठेवताना ते तुझं पाकीट काउंटरवर ठेवून घेत नाहीत. त्याच यादीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून दुसरा प्रकार आहे. रद्द करायचं बटण लपवणं, रद्द करणं अवघड आणि लांबलचक करणं, हे तर त्यात आहेच. पण एक कलम असंही आहे की मोफत सेवेसाठी पैशांचा तपशील किंवा आपोआप पैसे कापायची परवानगी द्यायला भाग पाडणं हासुद्धा सापळाच. ते वाच आणि मग मला सांग, कार्ड किंवा यूपीआय न मागता मोफत महिना देणारी कंपनी शेवटची कधी बघितलीस?

हौशी : क्वचित. पण ‘भाग पाडणं’ हा शब्द ताणला तर सगळंच बंद होईल. कार्ड मागण्याचं कारण नेहमी लबाडीचं नसतं. एकच माणूस नवे ईमेल काढून दर महिन्याला मोफत महिना घेत राहतो, ते थांबवायलाही पैशाची ओळख लागते. आणि मध्येच सेवा तुटू नये असं वाटणारेही पुष्कळ असतात. माझे बाबा क्रिकेटचं अ‍ॅप चाचणीवर घेतात आणि सामना सुरू असताना पडदा काळा झाला तर मलाच बोलतात. बरं, कायद्याचं राहू दे. वहिनींना पैसे जायच्या आधी कळलं असतं तर सुटता आलं असतं की नाही?

शंकेखोर : आलं असतं. अवघड नव्हतं, पण सोपंही नव्हतं. वहिनी दोन जागी चुकल्या आणि दोन्ही चुका कुणाच्याही होतील अशा आहेत. पहिली तारखेची. तिकीट सहा तारखेला संध्याकाळी काढलं. ‘तेरापर्यंत मोफत’ असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून तेराला रात्री जेवणं आटोपल्यावर रद्द करू म्हणाल्या. बाराच्या सकाळी बँकेचा मेसेज आला होता, २९९ कापले जातील म्हणून. तो ओटीपी, ऑफर आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत गेला. तेराला सकाळी नऊच्या सुमाराला पैसे गेले.

हौशी : हो, ऑटोपेच्या वसुल्या आता गर्दीच्या वेळा टाळून होतात. ऑगस्ट २०२५ पासून सकाळी दहाच्या आत, दुपारी एक ते पाच, किंवा रात्री साडेनऊनंतर. म्हणून ‘शेवटच्या दिवशी संध्याकाळी’ हा बेत मुळातच फसवा आहे. मी शेवटची तारीख धरतच नाही. तिच्या दोन दिवस आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकते, तीही पिन टाकल्याबरोबर, त्याच मिनिटाला. वहिनींसाठी ती अकरा झाली असती. अ‍ॅपल तर स्वतःच सांगतं की चाचणी संपायच्या किमान चोवीस तास आधी रद्द करा.

शंकेखोर : आणि काही लोकांना वाटतं, खात्यात पैसेच ठेवले नाहीत तर काय कापणार. तेही खरं नाही. एकदा जमलं नाही तर आणखी तीन वेळा प्रयत्न करायची मुभा आहे. पगार जमा झाला की सापडतो.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. पैसे गेल्यावर वहिनींनी चिडून बसचं अ‍ॅप काढून टाकलं आणि समजल्या की विषय संपला. अ‍ॅप काढल्यानं काहीच रद्द होत नाही. त्यांच्या फोनमधून कंपनी गेली, कंपनीच्या वहीतून वहिनी गेल्या नाहीत.

हौशी : म्हणून मी नेहमी सांगते, कुलपं दोन आहेत, दोन्ही काढा. आधी सदस्यत्व, मग मॅन्डेट. सदस्यत्व कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, बहुतेक ‘Account’ किंवा ‘Membership’ खाली. तिथे दोन-तीन पानं अडवायला येतात. तुमची इतकी बचत जाईल, त्यापेक्षा अर्ध्या किमतीत राहा, थोडे दिवस थांबवून ठेवा. मोठं रंगीत बटण राहण्याचं असतं, जाण्याचं खाली करड्या अक्षरात. शेवटी ‘रद्द झालं’ असं पान किंवा ईमेल येईपर्यंत थांबायचं आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. चाचणी प्ले स्टोअरमधून सुरू झाली असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शोधून उपयोग नाही. स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून ‘Payments & subscriptions’ मध्ये जायचं. आयफोनला सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली ‘Subscriptions’.

मग दुसरं कुलूप. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन टाकला त्याच अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर जाऊन ‘AutoPay’ किंवा ‘Mandates’ उघडायचं. चालू असलेल्यांची यादी येते. हवं ते उघडून ‘Cancel’ किंवा ‘Revoke’ निवडायचं आणि पुन्हा यूपीआय पिन टाकायचा. ‘Pause’ वर थांबायचं नाही, ते तात्पुरतं असतं. मॅन्डेट चालू यादीतून निघून रद्द झालेल्यांत दिसलं म्हणजे झालं. कार्डानं केलं असेल तर हीच यादी कार्ड देणाऱ्या बँकेकडे, तिथे तिला ‘e-mandate’ किंवा ‘standing instruction’ म्हणतात.

शंकेखोर : त्या यादीत वहिनींना नावच सापडेना. त्या बसच्या अ‍ॅपचं नाव शोधत होत्या आणि यादीत होतं कंपनीचं नोंदणीचं नाव, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावलेलं, पूर्वी कधी न ऐकलेलं. शेवटी सहा तारखेची सुरुवात आणि १,५०० ची मर्यादा यावरून ओळखलं. माझ्यासारख्यालाही वेळ लागला.

पण मला दोन कुलपांबद्दल विचारायचं आहे. नुसतं दुसरंच काढलं तर? पैशाची नळी तोडली की कंपनी करील काय?

हौशी : पैसे जाणार नाहीत, घाईच्या वेळी तेवढंच आधी करावं. पण कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही सदस्यच राहता. ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा भरा’ असे मेसेज येत राहतात, आणि पुढच्या तिकिटाच्या वेळी तुम्ही पुन्हा पिन टाकलात की नवं मॅन्डेट तयार होऊ शकतं. उलट नुसतं पहिलं काढलं तर त्यांनी मॅन्डेट खरोखर बंद केलं की नाही, हे त्यांच्या भरवशावर. म्हणून दोन्ही.

आणि तुमचा मुद्दा मला आता वेगळा दिसतोय. सुरू करताना हे दोन करार एका टिचकीत होतात. बंद करताना मात्र ते दोन असतात, दोन जागी, दोन नावांनी.

शंकेखोर : हेच मी म्हणतोय. आणि पैसे गेल्यावर तर तो पिन तुझ्याविरुद्धच साक्ष देतो. वहिनींनी बँकेकडे तक्रार केली, ‘हा व्यवहार मी केलेला नाही.’ अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम त्यांनी कुठेतरी वाचला होता. बँकेनं तक्रार बंद केली, आणि माझ्या जुन्या खुर्चीत बसून बघितलं तर बँकेचं चूक नव्हतं. पिन त्यांचा, फोन त्यांचा, आदल्या दिवशी मेसेज गेलेला. बँकेच्या लेखी हा अधिकृत व्यवहारच. तो नियम कार्ड चोरणाऱ्यासाठी, खाते फोडणाऱ्यासाठी आहे. ज्यानं तुझ्याकडूनच सही काढून घेतली त्याच्यासाठी नाही.

हौशी : म्हणजे तक्रारीचा पत्ता चुकला. ती कंपनीकडे जायला हवी होती : सदस्यत्व मी मागितलं नव्हतं, टिक आधीच केलेली होती, एकदाही वापरलं नाही, २९९ परत करा. सोबत चेकआउटच्या पानाचा फोटो असला तर सोनं. कंपनीनं ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ‘माझा व्यवहार नाही’ असं न म्हणता ‘माझ्याकडून संमती अशी घेतली’ असं सांगायचं, आणि त्या तेरा प्रकारांतलं नाव घ्यायचं.

शंकेखोर : चेकआउटच्या पानाचा फोटो कोण काढून ठेवतो? ज्याला आधीच संशय आहे तो. आणि ज्याला संशय आहे तो टिक काढतोच. तुझी सगळी व्यवस्था, कॅलेंडर, स्क्रीनशॉट, दोन कुलपं, ही सावध माणसाची आहे. कंपनीचं उत्पन्न विसरणाऱ्यांतून येतं. २९९ साठी कोण हेल्पलाइनवर ताटकळणार? रक्कम मुद्दाम तेवढीच ठेवलेली असते, चीड यावी पण उठून काही करावंसं वाटू नये.

हौशी : ‘मुद्दाम’ हे तुमचं अनुमान आहे. पण विसरणाऱ्यांवर धंदा चालतो हे मी नाकारत नाही. अमेरिकेत २०२५ च्या सप्टेंबरात अ‍ॅमेझॉननं प्राइम सदस्यत्वाच्या नोंदणी आणि रद्द करण्याच्या वादात अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. मग तुम्ही काय करायला सांगाल? मोफत चाचणीवर बंदी?

शंकेखोर : बंदी नको. एकच बदल हवा. आज त्या चोवीस तासांच्या मेसेजवर गप्प राहिलं की होकार धरतात. चाचणीनंतरच्या पहिल्या वसुलीपुरतं ते उलटं करा. गप्प राहिलं तर नकार, पैसे हवे असतील तर पिन पुन्हा मागा. आज १५,००० पर्यंतच्या पुढच्या वसुल्यांना पिन लागत नाही. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. वीजबिल, विमा यांसाठी ती सवलत रास्त आहे, कारण तिथे माणसानं पहिल्या दिवशीच जाणून पैसे दिलेले असतात. मोफतच्या दाराने आत आलेल्यानं पैशाला हो म्हटलेलंच नसतं.

हौशी : ऐकायला चांगलं आहे, पण करून बघा. कंपनी मोफत न म्हणता एक रुपया घेईल. मग ती चाचणी की पैसे देऊन घेतलेलं सदस्यत्व? एक रुपयाला पिन टाकला म्हणजे पैशाला हो म्हटलं की नाही? दहा रुपये घेतले तर? रेषा कुठे मारणार?

शंकेखोर : किंमत बदलली की विचारायचं. एकाचे २९९ झाले, पुन्हा विचारा.

हौशी : मग विजेचं बिल दर महिन्याला बदलतं, तिथेही विचाराल? ‘ठरलेली किंमत बदलली’ आणि ‘वापराप्रमाणे रक्कम बदलली’ हे बँकेच्या यंत्रणेला कसं कळणार? तिला एक कमाल रक्कम आणि एक तारीख दिसते. वहिनींच्या मॅन्डेटवर १,५०० लिहिलं होतं, २९९ त्यात बसले, यंत्रणेनं सोडले.

शंकेखोर : मग मॅन्डेटमध्येच लिहायला लावा, चाचणी अमुक तारखेला संपते आणि त्यानंतर २९९. तिकिटाचा पिन वेगळा आणि सदस्यत्वाचा वेगळा.

हौशी : दोन वेळा पिन मागितला तर निम्मे लोक दुसऱ्या पडद्यावरून परत फिरतील.

शंकेखोर : त्यांना सदस्यत्व हवं होतं की नाही, ते मग कळेल.

हौशी : किंवा त्यांना घाई होती, एवढंच कळेल. माझ्या बाबांना क्रिकेट हवंच असतं, पण दुसऱ्यांदा पिन मागितला की ते फोन माझ्या हातात देतात. तुम्ही विसरणाऱ्याला वाचवायला निघालात की कंटाळणाराही त्यात सापडतो, आणि पडद्याच्या अलीकडून दोघे सारखेच दिसतात. वहिनींचे पैसे तरी मिळाले का?

शंकेखोर : कंपनीनं २९९ ऐवजी तेवढ्याच किमतीचं कूपन देऊ केलंय. ते वापरायला सदस्य राहावं लागतं. वहिनी विचारताहेत, घेऊ का?